आत्या, रिक्षातून उतरलीस की…

वयस्कर नातेवाईक रिक्षाने येणार असले की त्यांना मोबाइलवर एक संदेश धाडला जातो. रिक्षा जिथे सोडेल तिथपासून घराच्या दारापर्यंत कसं यायचं, एवढंच त्यात सांगायचं असतं. त्याला पत्ता म्हणता येत नाही. पत्ता पत्राच्या सोयीचा असतो. पत्र चालत नाही, दमत नाही, आणि त्याच्या एका हातात लोणच्याची बरणी नि दुसऱ्या हातात गोधडीचं बोचकं नसतं.

पत्त्याची हद्द कुठे संपते हे पिनकोडवरून कळतं. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी घडवली. हे गृहस्थ टपाल खात्याच्या कारभारात होते आणि संस्कृतात काव्यरचनाही करत. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. सहा आकड्यांपैकी पहिले तीन पत्राला टपालाच्या वर्गवारी-जिल्ह्यापर्यंत आणतात, पुढचे तीन वाटपाच्या टपाल कार्यालयापर्यंत. तिथून पुढे पोस्टमन पाहून घेतो, कारण त्या गल्ल्या तो रोज तुडवतो. आत्या मात्र वर्षातून एकदाच येते, तीही मागच्या खेपेला पाहिलेली इमारत यंदा दुसऱ्या रंगाची झालेली असताना.

उदाहरणादाखल पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं एक गृहसंकुल घेता येईल. आनंदनगरच्या आतल्या अंगाला असलेल्या या संकुलात सहा इमारती आहेत. सहाही सात मजली, सहाही बदामी रंगाच्या, आणि सहांच्याही जिन्यापाशी तेच काळं ग्रॅनाइट. त्यांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत, पण ती जागेच्या क्रमाने नव्हे, बांधकामाच्या क्रमाने. ए, बी, सी आधी उठल्या. मग मागच्या तुकड्यावर डी आणि ई झाल्या. मग ए आणि बीच्या मधली अडकलेली जागा सुटली आणि तिथे एफ उभी राहिली. परिणामी मोठ्या गेटमधून चालत येणाऱ्याला ए, एफ, बी, सी असा क्रम लागतो. बिल्डरच्या कागदावर हा क्रम अगदी बिनचूक आहे. मुळाक्षरं पाठ असलेल्या माणसाची मात्र त्यात पंचाईत होते, आणि आत्या तर साताऱ्यात तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली.

तिचा भाचा ई विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, फ्लॅट ३०४. मागच्या दिवाळीत आत्या येणार तेव्हा त्याने पाठवलेला संदेश असा होता: «आत्या, स्वारगेटहून रिक्षा कर. आनंदनगरला मेडिकलच्या समोरून आत ये. मग सरळ. गार्डनच्या मागे आमची बिल्डिंग, ई विंग ३०४. पाच मिनिटांवर आहे. लोकेशन पाठवतोय.»

यात खोटं काहीच नाही. तरीही या संदेशाने आत्या दीड तास फिरली आणि त्यातला पाऊण तास ती एका अनोळखी घरी चहा पीत होती. हे कसं घडलं ते शब्दाशब्दाने पाहावं लागतं.

पहिला शब्द ‘समोर’. मराठीत दुकानासमोर म्हणजे दुकानाच्या पुढ्यात, आणि दुकानासमोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूलाही. दोन्ही अर्थ बरोबर, आणि दोन्हींच्या मध्ये सिंहगड रस्ता. तो ओलांडणं हे सत्तरीच्या माणसाला गमतीत सांगायचं काम नाही. शिवाय ज्या मेडिकलसमोरून यायचं ते मेडिकल आता तिथे नाही. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. संकुलातले जुने रहिवासी अजून त्या जागेला मेडिकल म्हणतात, जशी तोडलेल्या वडाच्या जागेला सगळी पेठ पन्नास वर्षं वडापाशीच म्हणत राहते. भाच्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तो रोज तिथून जातो आणि रोज जाणाऱ्याला दुकानाची पाटी दिसतच नाही.

‘सरळ’ हा त्याहून फसवा. रस्ता वळला तरी आपण वळलो नाही असं ज्याला वाटतं, त्याच्या लेखी तो सरळ असतो. या संकुलातला आतला रस्ता बीपाशी डावीकडे वाकतो आणि क्लबहाउसपाशी पुन्हा उजवीकडे. भाचा तो गाडीने कापतो, त्याचे हात आपोआप फिरतात, म्हणून त्याच्या हिशेबी तो सरळच. आत्या नाकासमोर चालली आणि नाकासमोर बी विंगचं दार आलं.

‘मागे’ या शब्दाला आधी पुढे काय ते ठरलेलं असावं लागतं. देवळाच्या मागे म्हटलं की भानगड होत नाही, कारण देव कुठे तोंड करून बसला आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. बागेला तोंड नसतं. बागेच्या मागे म्हणजे येणारा ज्या बाजूने येईल त्याच्या पलीकडची बाजू, आणि भाचा मागच्या गेटने येतो, आत्या पुढच्या. म्हणजे भाच्याचं मागे ते आत्याचं पुढे.

अलीकडे आणि पलीकडे ही मराठीतली या कामासाठी जणू मुद्दाम घडवलेली जोडी आहे. देवळाच्या अलीकडे वळ, असं म्हटलं की देऊळ येण्याआधी वळायचं हे एका शब्दात कळतं, आणि देऊळ ओलांडलं गेलं की चुकलं हेही त्यातच कळतं. तिच्यात खोट एकच. हे शब्द चालणाऱ्याच्या बाजूने मोजायचे असतात आणि संदेश लिहिणारा घरात सोफ्यावर बसून बाहेरच्या दिशेने विचार करत असतो. सोफ्यावरून पाहिलं तर देवळाच्या अलीकडची गल्ली ही येणाऱ्याला देवळाच्या पलीकडची असते. म्हणून असा संदेश लिहिण्याआधी खाली उतरून गेटच्या बाहेर जावं आणि आत येत येत लिहावा. बहुतेक लोक एवढे कष्ट घेत नाहीत. त्याऐवजी नंतर अर्धा तास फोनवर बोलतात.

‘पाच मिनिटांवर’ याचा हिशेब सोपा आहे. मोठ्या गेटपासून ई विंग सुमारे अडीचशे मीटर. भाच्याच्या चालीने तीन मिनिटं. बरणी आणि बोचकं घेतलेली आत्या मिनिटाला चाळीस मीटरच्या आसपास चालते, मध्ये एकदा बरणी या हातातून त्या हातात घेते, एकदा चष्मा पुसते. म्हणजे सात-आठ मिनिटं. पाच मिनिटं झाली तरी घर आलं नाही की आपण चुकलो असं तिला वाटतं आणि ती बरोबर वाटेवरून मागे फिरते. वेळ सांगायचीच असेल तर येणाऱ्याच्या पायांची सांगावी.

राहिलं लोकेशन. मोबाइलला उपग्रहांकडून जागा कळते ती उघड्या आभाळाखाली साधारण पाच मीटरच्या आत. उंच इमारतींच्या मध्ये तोच संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि चूक वाढत जाते. सहा सारख्या इमारतींत तेवढ्याने एका विंगची दुसरी होते. मजल्याचा पत्ता तर नकाशावरच्या टिंबाला लागतच नाही. खुद्द संकुलाच्या नावाने नकाशात शोधलं तर टिंब जमिनीच्या तुकड्याच्या साधारण मध्यावर पडतं, आणि या संकुलाच्या मध्यावर पोहण्याचा तलाव आहे. रिक्षावाल्याने त्या दिवशी मोबाइल पाहून, “आजी, हे पाण्यात दाखवतंय,” एवढंच सांगितलं आणि मोठ्या गेटला उतरवून तो गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आता ए विंगमधल्या चहाकडे यायला हरकत नाही. वॉचमनने विचारलं, “कौनसा विंग?” आत्या म्हणाली, “ई.” वॉचमनला ऐकू आलं ‘ए’, कारण मागून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होता. पण टँकर नसता तरी घोटाळा टळला असता असं नाही. देवनागरीत ए लिहिलं की मराठी माणसाच्या तोंडून इंग्रजी पहिलं अक्षर उमटतं. मात्र आपल्याच नावातला ए इंग्रजीत लिहायची वेळ आली की हात पाचवं अक्षर काढतो. एकनाथ असो, एखतपूर असो, सुरुवात पाचव्यानेच. म्हणजे कानाला पहिलं, हाताला पाचवं. बी, डी, जी, पी, टी हीही फोनवर एकाच कुळातली. त्यावर उपाय जुनाच आहे आणि तो आत्याला आत्याच्या शाळेतूनच मिळण्यासारखा होता: एडक्यातला ए नव्हे, ईडलिंबातला ई. हिंदी शिकलेल्या वॉचमनलाही तो चालतो. त्याच्या पहिलीच्या पुस्तकात ई ईखचा असतो, ईख म्हणजे ऊस, आणि ऊस म्हटल्यावर त्याला गाव आठवतं.

वहीत नाव, मोबाइल, वेळ आणि सही झाल्यावर आत्या ए विंगच्या ३०४समोर उभी राहिली. प्रत्येक विंगमध्ये ३०४ असतोच. दाराला तोरण होतं, तेही प्रत्येक दाराला असतं. दार उघडणाऱ्या बाईंना वाटलं, ही यांच्या बाजूची कुणी असेल. आत्याला वाटलं, ही भाच्याकडची स्वयंपाकाची बाई. दोघींनी एकमेकींना “दमला असाल” म्हटलं. चहा झाला, लाडू झाला. पाऊण तासाने बोलण्यातून निघालं की त्या घरात भाचाच नाही. मग त्या बाई स्वतः खाली येऊन आत्याला ई विंगला सोडून गेल्या. आत्याच्या मते तो त्या दिवशीचा सगळ्यात चांगला भाग होता, आणि हे तिने भाच्याला तोंडावर सांगितलं.

मधल्या काळात भाचाही शोधायला खाली उतरला होता. अशा वेळी फोनवर जे बोलणं होतं त्याचा नमुना ठरलेला आहे.

“आत्या, कुठे आहेस?”

“इथेच आहे.”

“इथे म्हणजे कुठे?”

“झाडाखाली.”

“कसलं झाड?”

“हिरवं.”

“बरं, तू हलू नकोस, मी येतो.”

यानंतर माणूस हलतो. तो येतोय तर आपण चार पावलं पुढे व्हावं, असं ज्येष्ठांना मनापासून वाटतं. दोघंही एकाच इमारतीला एकाच दिशेने फेरे घालायला लागले की ती प्रदक्षिणा होते, भेट होत नाही. भाचा आणि आत्या बी विंगभोवती असे अडीच फेरे फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हे गॅलरीतून पाहिलं, पण त्यांना वाटलं दोघं व्यायाम करताहेत. फेरे थांबले तेही भेट होऊन नाही. आत्याने कंटाळून गेट गाठलं आणि पुन्हा वॉचमनला विचारलं. ए विंगकडचा प्रवास तिथून सुरू झाला. याला तोड एकच: ज्याच्या हातात सामान आहे त्याला बसवावं. उभ्या माणसाला हलू नकोस म्हणून उपयोग नसतो, बसलेला माणूस मात्र सहसा बसून राहतो. म्हणून संदेशात बसायची जागा आधीच नेमून द्यावी लागते.

यंदाच्या खेपेसाठी भाच्याने संदेश नव्याने लिहिला. त्याने लोकेशन वगळलं, पण खरा फरक दुसरा होता. मागचा संदेश आत्याने स्वतः वाचलाच नव्हता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. वाचायचा चष्मा पिशवीत तळाशी, मोबाइल त्याच्याही खाली. तिने मोबाइल काढून आधी रिक्षावाल्यापुढे धरला होता, मग वॉचमनपुढे. एकाच संदेशाचे तीन वाचक होते आणि तिघांना वेगवेगळं काहीतरी हवं होतं. शिवाय संदेश लांबला की मोबाइल तो मध्येच तोडून खाली `Read more` एवढंच दाखवतो. म्हणून यंदा एक लांब संदेश न करता तीन आखूड संदेश झाले, आणि साताऱ्यातल्या शेजारच्या मुलीने ते तिन्ही मोठ्या अक्षरांत वहीच्या कागदावर उतरवून दिले. कागदाची बॅटरी संपत नाही, हे कारण आत्याने दिलं.

पहिला रिक्षावाल्यासाठी: «दादा, सिंहगड रस्त्याने आनंदनगर. विठ्ठलवाडीपाशी उड्डाणपुलावर चढू नका, खालून घ्या. आत वळल्यावर मारुतीच्या देवळाच्या अलीकडे डाव्या हाताला गल्ली. गल्लीत निळं लोखंडी गेट. आजींना तिथेच उतरवा, मोठ्या गेटला नको.» यातलं पुलाचं वाक्य महत्त्वाचं. विठ्ठलवाडी ते फनटाइम चित्रपटगृह हा पूल २०२५ साली सुरू झाल्यापासून वर चढलेली रिक्षा आनंदनगरच्या डोक्यावरून जाते, आणि खालच्या खुणा ज्याने पाठ केल्या आहेत त्याला त्यातली एकही दिसत नाही. वर चढलेला रिक्षावाला उतरून वळसा घालतो, मीटर पळतो आणि आत्या त्याला दोष देते. निळ्या गेटचं कारण साधं: तिथून ई विंग नव्वद मीटर, मोठ्या गेटपासूनच्या अंतराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. हे गेट दुपारी एक ते चार बंद असतं. पुण्यात त्याचं कारण कुणी विचारत नाही. म्हणून साताऱ्याहून निघायची वेळ तीनच्या पुढे ढकलली.

दुसरा वॉचमनसाठी आणि हिंदीत: «भैया, ई विंग ३०४. ई से ईख. दादी अकेली हैं, फोन मत लगाइए, अंदर जाने दीजिए.» फोनचं वाक्य घालायचं कारण असं की गेटवरून परवानगी मागणारा फोन नेमका भाचा आंघोळीला गेला की वाजतो.

तिसरा आत्याचा स्वतःचा होता, आणि तोच लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. भाच्याने तो चार वेळा खाली जाऊन लिहिला. त्याने आधी घातलेल्या खुणांतल्या दोन खोडाव्या लागल्या: लाल गाडी (मालक कामावर गेला की जाते) आणि भेळवाला (पाचनंतर येतो). तुळशीवृंदावन घालावं की नाही यावर तो बराच वेळ घुटमळला, कारण वृंदावन सहाही विंगांपुढे आहे. शेवटी ई विंगच्या वृंदावनाचा एक कोपरा क्रिकेटच्या चेंडूने उडालेला सापडला आणि संकुलातली ती एक मोडतोड कामाला आली. उजवं-डावं त्याने हातांनी सांगितलं, कारण आत्या घड्याळ नेहमी डाव्या हाताला बांधते.

«आत्या, निळ्या गेटमधून आत आलीस की थांब. गेटकडे पाठ कर. घड्याळाच्या हाताला एक लांब भिंत दिसेल. त्या भिंतीच्या कडेने चाल, भिंत सोडू नकोस. भिंत संपली की पहिलं दार आमचं. दारापुढे तुळस आहे, तिच्या कट्ट्याचा एक कोपरा तुटलेला आहे. कोपरा शाबूत असेल तर ती आमची तुळस नाही. झोपाळे आणि घसरगुंडी दिसली तर पुढे गेलीस. तिथल्या बाकावर बस आणि फोन कर, उठू नकोस. लिफ्टमध्ये ३ दाब. पी दाबलंस तर गाड्या दिसतील, घाबरू नकोस, परत ३ दाब.»

या संदेशात दिशा एकही नाही, आणि भिंत सोडू नकोस या वाक्यात सगळं काम होतं. भिंतीला हात लावून चालणारा माणूस चुकायचाच असेल तर एकाच जागी चुकतो, आणि ती जागा झोपाळ्यांपाशी आहे हे आधीच सांगितलेलं आहे. चुकल्याची खूण बरोबर असल्याच्या खुणेइतकीच लागते. ती नसली की माणूस शंका येईपर्यंत चालत राहतो, आणि निवृत्त शिक्षिकेला स्वतःबद्दल शंका फार उशिरा येते.

आत्या त्या दिवशी सव्वासहाला निळ्या गेटपाशी उतरली आणि सहा वाजून एकवीस मिनिटांनी तिने ३०४ची बेल दाबली. मध्ये एकदा थांबली होती. वृंदावनाचा कोपरा तुटलेला आहे हे तिने हात लावून पाहिलं, आणि तुळशीला पाणी नाही म्हणून पिशवीतल्या बाटलीतलं थोडं घातलं. वॉचमनने कागद वाचून ‘ई से ईख’ मोठ्याने म्हटलं आणि बरणी दारापर्यंत पोचवून दिली.

चार दिवसांनी ती निघाली तेव्हा असाच एक प्रश्न उलट्या बाजूने आला. आत येण्याचा संदेश बाहेर जायला चालत नाही. घड्याळाची भिंत दुसऱ्या हाताला येते, अलीकडचं पलीकडे जातं, आणि निळं गेट शोधायला गेटकडे पाठ करून उपयोग नसतो. भाचा नवा कागद लिहायला बसला तर आत्याने त्याला थांबवलं आणि खाली रिक्षापर्यंत चल म्हणाली. पुढच्या महिन्यात त्याने साताऱ्याला यायचं ठरलं होतं. त्याने घर कसं शोधायचं विचारलं, तेव्हा रिक्षात बसता बसता तिने सांगितलं, “राजवाड्यापाशी उतर आणि कुणालाही विचार.”